ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सकाळी ७ ची वेळ सगळ्यांना का मिळत नाही?

बारावीची परीक्षा संपली की पुढच्याच आठवड्यात आमच्या ऑफिसात गर्दी सुरू होते. नुकतीच अठरा पूर्ण झालेली मुलं, सुट्टीत गाडी शिकून घ्यायची म्हणून आलेल्या शिक्षिका, नवी गाडी बुक करून बसलेले काका. फी विचारून झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "सकाळी ७ ची वेळ मिळेल ना?" मी डायरी उघडते आणि "बघावं लागेल" म्हणते. तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्यावर शंका दिसते. तीन गाड्या दारात उभ्या आहेत, शिकवणारे तिघं आहेत, मग अडचण कसली?

नाशिकला इंदिरानगरमध्ये आमच्या घरचंच छोटं ड्रायव्हिंग स्कूल आहे आणि वेळा ठरवण्याचं काम माझ्याकडे आहे. दोन गिअरच्या गाड्या, एक ऑटोमॅटिक, माझे मिस्टर, त्यांचा भाऊ आणि एक मॅडम शिकवायला. एका वेळी सतरा-अठरा जण शिकत असतात. एवढ्याशा पसाऱ्यातही वेळा लावणं वाटतं तितकं सरळ नाही. ते कुठे अडतं हे शिकणाऱ्याला कळलं, तर स्वतःच्या पैशांचं आणि तासांचं काय होतंय हेही कळतं.

## स्लॉट म्हणजे नुसती वेळ नव्हे

एसटीच्या डेपोत गाडी उभी असते, ड्रायव्हरही आलेला असतो, पण कंडक्टर आला नाही तर फेरी सुटत नाही. आमच्याकडेही तसंच आहे. स्लॉट म्हणजे एक गाडी, एक शिकवणारा आणि एक शिकणारा यांची एकत्र बांधलेली वेळ. तिघांपैकी एक जरी दुसरीकडे अडकला, तर उरलेले दोघं मोकळे असून उपयोग नसतो.

गाडीही कुठलीही चालत नाही. शिकवण्याच्या गाडीला ड्युअल कंट्रोल लागतो, म्हणजे शेजारी बसणाऱ्या शिक्षकाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. त्यामुळे एक गाडी गॅरेजला गेली म्हणून घरची गाडी काढून वेळ निभावता येत नाही.

यात माणसांच्या अटी येतात. बऱ्याच बायकांना मॅडमच हव्या असतात. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांना ऑटोमॅटिक हवी असते. आमच्याकडे मॅडम एक आणि ऑटोमॅटिकही एकच. आता समजा, गिअरची गाडी शिकणाऱ्या मुलाला त्याच्या सोयीसाठी मी मॅडमसोबत सकाळी ७ ला लावलं. मग ऑटोमॅटिक आणि मॅडम दोन्ही हव्या असणाऱ्या बाईंसाठी ती वेळ गेली, आणि तिकडे दुसरे सर रिकामे बसले. म्हणून मी डायरी भरताना ज्यांच्यापुढे पर्याय कमी, त्यांची नावं आधी लिहिते. कुठलीही गाडी आणि कुठलेही सर चालणाऱ्यांची नावं शेवटी.

## अर्ध्या तासात पंचवीसच मिनिटं असतात

आता हिशेबाचा भाग. तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये खासगी गाडी शिकणाऱ्याचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं असावं लागतं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १० तास भरावे लागतात. अनेक ठिकाणी "२१ दिवस, रोज अर्धा तास" अशी पाटी दिसते ती यावरूनच. कागदावर २१ अर्धे तास म्हणजे साडेदहा तास, म्हणजे नियमात बसलं.

पण अर्ध्या तासात पूर्ण अर्धा तास गाडी चालवून होत नाही. आधीचा उतरतो, नवा बसतो, सीट पुढे ओढतो, आरसे लावतो, पट्टा बांधतो. मी घड्याळ लावून पाहिलं, यात पाच मिनिटं सहज जातात. उरली पंचवीस. २१ दिवस गुणिले २५ मिनिटं म्हणजे ५२५ मिनिटं, पावणेनऊ तास. एकही दिवस न चुकवता, रोज वेळेवर येऊनसुद्धा दहा तास भरत नाहीत. ६०० मिनिटं भरायला असे २४ स्लॉट लागतात.

स्लॉट पाऊण तासाचा केला तर? पाच मिनिटं अदलाबदलीत गेली तरी चाळीस उरतात. ६०० भागिले ४० म्हणजे १५ स्लॉट.

इथे बहुतेक स्कूलवाले म्हणतात, "पाऊण तास दिला तर सकाळी माणसं कमी बसतात." वरवर ते खरं आहे. सकाळी साडेसहा ते साडेनऊ या तीन तासांत एका गाडीवर अर्ध्या तासाचे सहा स्लॉट होतात आणि पाऊण तासाचे चारच. पण चार आठवड्यांचा, म्हणजे रविवार सोडून २४ दिवसांचा हिशेब करून बघा. अर्ध्या तासाचे १४४ स्लॉट झाले. प्रत्येकाला २४ लागतात, म्हणजे सहा जण शिकले आणि हाती शिल्लक शून्य. पाऊण तासाचे ९६ झाले. सहा जणांना १५ प्रमाणे ९० लागले आणि सहा स्लॉट उरले, प्रत्येकाला एकेक. माणसं तेवढीच, गाडी तेवढीच, आणि कुणाचा एखादा दिवस बुडला तर भरून द्यायला जागा आहे. अदलाबदल कमी वेळा होते, एवढंच त्याचं कारण. अर्ध्या तासाच्या पद्धतीत एका माणसामागे दोन तास नुसते चढण्या-उतरण्यात जातात, पाऊण तासाच्या पद्धतीत सव्वा तास.

हे गणित मांडल्यानंतर आम्ही पाटी बदलली. आता आमच्याकडे प्रत्येकाला आठवड्यात चार दिवस, चार आठवडे, असे १६ स्लॉट मिळतात. पंधरा नियमाचे आणि एक राखीव.

## "पण रोज नाही आलं तर हात बसेल का?"

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि तो रास्त आहे. मध्ये एक दिवस गेला म्हणून शिकलेलं विसरत नाही. सलग चार-पाच दिवस खंड पडला तर मात्र क्लच पुन्हा नव्याने शोधावा लागतो. म्हणून चार दिवस लावताना मी सलग चार देत नाही. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार असे लावते, म्हणजे खंड दोन दिवसांच्या वर जात नाही.

दुसरी शंका, नव्या माणसाला पाऊण तास झेपेल का? पहिल्या तीन-चार दिवशी खरंच झेपत नाही. क्लचवर डावा पाय भरून येतो, खांदे आखडतात, आणि शेवटच्या दहा मिनिटांत गाडी सारखी बंद पडू लागते. त्यासाठी दोन नवशिक्यांना दीड तासात एकत्र घेतो. वीस मिनिटं एक चालवतो, दुसरा मागे बसून बघतो, मग जागा बदलायची. दोघांनाही आपापली चाळीस मिनिटं मिळतात. मागे बसलेल्याला दुसऱ्याची चूक लांबून स्पष्ट दिसते, हाही फायदा होतो.

## कोण कुठवर शिकलंय, त्यावर वेळ ठरते

वेळ रिकामी आहे म्हणून ती कुणालाही देता येत नाही. शिकणाऱ्यांचे आम्ही ढोबळ चार टप्पे करतो. पहिला स्टिअरिंग आणि क्लचचा, त्याला मोकळा रस्ता हवा. दुसरा गिअर आणि वळणांचा, कॉलनीतल्या रस्त्यांवर. तिसरा वर्दळीचा, चढावर गाडी मागे न जाऊ देता उचलण्याचा आणि रिव्हर्सचा. चौथा टेस्टच्या तयारीचा, म्हणजे आठाचा आकडा, पार्किंग, इशारे.

याच उन्हाळ्यातली एक सकाळ सांगते. पांढऱ्या गाडीवर चार स्लॉट होते, साडेसहा, सव्वासात, आठ आणि पावणेनऊ. बँकेतल्या काकांना साडेसहा हवे होते, नंतर ऑफिस असतं म्हणून. कॉलेजच्या मुलाला सव्वासात. गंगापूर रोडची एक मुलगी, जिची टेस्ट पाच दिवसांवर होती, तिला आठ. आणि कालच सुरुवात केलेल्या एक काकू म्हणाल्या, पोरांना शाळेत सोडून पावणेनऊला येते. चार जण, चार वेगळ्या वेळा, कुठेही टक्कर नाही. कुणीही म्हटलं असतं, लगेच लिहून टाका.

मी लिहिलं नाही. काका तिसऱ्या टप्प्यावर होते, त्यांना वर्दळ हवी होती. सकाळी साडेसहाला मुंबई नाका मोकळा असतो. तिथून ते आठवडाभर गेले असते तरी द्वारकेच्या चौकात रिक्षा आडवी आली की काय करायचं, ते शिकले नसते. उलट काकूंना पावणेनऊला गाडीत बसवलं असतं तर स्कूलबस आणि ऑफिसची गर्दी नेमकी त्यांच्या दुसऱ्या दिवशी अंगावर आली असती. मागून दोन हॉर्न वाजले की नवा माणूस घाबरून एकदम क्लच सोडतो आणि गाडी धक्का खाऊन बंद पडते. असे दोन दिवस गेले की माणूस यायचंच बंद करतो.

मग काकांना संध्याकाळी साडेसहाचे दोन दिवस दिले, शनिवारी त्यांना सुट्टी होती तेव्हा सकाळचे पावणेनऊ दिले, आणि एकच दिवस पहाटेचा ठेवला, तो रिव्हर्सच्या सरावाला. काकूंना पहिले पाच स्लॉट सकाळी अकराचे दिले. त्या वेळी पोरं शाळेत असतात, ऑफिसवाले ऑफिसात, कॉलनीतले रस्ते शांत असतात. अकराची वेळ कुणी मागत नाही म्हणून ती वाईट समजली जाते. नवशिक्यासाठी ती साडेसहाइतकीच चांगली आहे. पाच स्लॉटनंतर काकूंना पावणेनऊला आणलं, तोवर त्यांना गर्दीचीच गरज होती.

एक बारीक गोष्ट यात लपलेली आहे. शिकणाऱ्याला आम्ही त्याच्या घरून घेतो. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावरचा माणूस स्वतः गाडी चालवत पुढच्याच्या दारात नेतो, म्हणजे तो प्रवास त्याच्या शिकण्यातच धरला जातो. नवशिका ते करू शकत नाही. त्याला सोडून सरांना स्वतः गाडी न्यावी लागते, आणि पाचाची दहा मिनिटं होतात. म्हणून नवशिक्याच्या मागे मी नेहमी जवळ राहणाऱ्याचं नाव लावते, किंवा त्याला रांगेत शेवटी ठेवते.

## टेस्टच्या दिवशी गाडी गावात नसते

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. आमचे चार आठवडे म्हणजे २८ दिवस. शिकाऊ लायसन्स हातात येताच सुरुवात केली तर शिकणं संपतं आणि टेस्टचं दार उघडतं, हे जवळपास एकाच वेळी होतं. हात गरम असतानाच टेस्ट होते. म्हणून लायसन्सची तारीख मी नावाशेजारीच लिहिते. शिकाऊ लायसन्स नसताना गाडीवर बसवायचं नाही, आणि पाचवा महिना चालू असलेल्याला मागे ठेवायचं नाही.

टेस्ट मात्र आमच्या सोयीने नसते. अपॉइंटमेंटची तारीख सारथी पोर्टलवरून मिळते आणि त्या दिवशी पेठ रोडच्या आरटीओत आमचीच गाडी घेऊन जावं लागतं. रांग, कागद, टेस्ट, परत येणं, यात अर्धा दिवस जातो. तेवढा वेळ एक गाडी आणि एक शिक्षक दोन्ही डायरीतून गायब.

दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून हेच सुटलं. तीन जणांची टेस्ट मंगळवारी लागली. त्यांना तारीख कळवली, कागद तपासले, सगळं केलं, पण डायरीत पांढऱ्या गाडीसमोर ते लिहिलं नाही. टेस्ट मला "त्यांचं काम" वाटली, "गाडीचं काम" वाटली नाही. सकाळी पावणेनऊला एक आजोबा त्यांच्या फाटकाशी पाऊण तास उभे राहिले. फोन केला तेव्हा गाडी पेठ रोडला होती. आजोबा रागावले नाहीत, पण पुन्हा आलेही नाहीत. तेव्हापासून टेस्ट, सर्व्हिसिंग, सीएनजी भरणं, शिक्षकाची सुट्टी, सगळं मी स्लॉट म्हणूनच लिहिते, आणि शिकणाऱ्यांच्या आधी लिहिते.

## "एखादं अॅप का लावत नाही?"

लावायला हरकत नाही. पण आपण आपली वेळ निवडायची असं साधं बुकिंग अॅप फक्त जागा रिकामी आहे का ते बघतं. काकांना गर्दी हवी आणि काकूंना शांतता, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आपापली वेळ निवडायला दिली तर सगळे साडेसहा आणि सव्वासात निवडतात, आणि अकरा वाजता तिन्ही गाड्या उन्हात उभ्या राहतात.

टक्कर पकडण्याचं काम मात्र माणसापेक्षा यंत्र चांगलं करतं. दोन स्लॉट एकमेकांवर कधी चढतात? पहिला सुरू होतो दुसरा संपण्याआधी, आणि पहिला संपतो दुसरा सुरू झाल्यानंतर. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असल्या तरच टक्कर. मी मोबाइलमधल्या साध्या शीटमध्ये एका ओळीत एक स्लॉट लिहिते, अनुक्रमे तारीख, सुरुवात, शेवट, शिक्षक, गाडी, शिकणारा. शेजारच्या रकान्यात हा फॉर्म्युला असतो.

```
=COUNTIFS(A:A,A2,D:D,D2,B:B,"<"&C2,C:C,">"&B2)>1
```

त्याच दिवशी, त्याच शिक्षकाच्या, या वेळेवर चढणाऱ्या ओळी तो मोजतो. स्वतःची एक ओळ मोजली जातेच, म्हणून एकापेक्षा जास्त निघाल्या की TRUE येतं. D च्या जागी E घातलं की गाडीची टक्कर कळते, F घातलं की शिकणाऱ्याची. वेळ मात्र घड्याळाच्या स्वरूपात न लिहिता 715, 800 अशी साध्या आकड्यांत लिहावी. घड्याळाचं स्वरूप ठेवलं की शीट आतून अपूर्णांक धरतं, आणि एकाला लागून दुसरा असलेले स्लॉटही कधीकधी चढलेले दाखवतं. मला हे कळेपर्यंत दोन दिवस मी नसलेली टक्कर शोधत होते.

## बुडालेला स्लॉट कुणाचा?

आदल्या रात्री आठपर्यंत कळवलं तर स्लॉट राखीवमधून भरून देतो. सकाळी सहाला "आज नाही जमणार" असा मेसेज आला तर तो गेला. काही जणांना हे कडक वाटतं. पण ती जागा भरायला मला त्याच गाडीवर शिकणारा, त्या वेळच्या रस्त्याला योग्य टप्प्यावरचा आणि पंधरा मिनिटांत तयार होणारा माणूस लागतो. रात्री आठला असे दोन-तीन सापडतात, सकाळी सहाला एकही नाही. आमची गाडी बिघडली किंवा सर आजारी पडले, तर तो स्लॉट शिकणाऱ्याचा बुडत नाही, आमचा बुडतो.

आणि एक गोष्ट प्रत्येकाने स्कूलकडून मागून घेऊन बघावी. बुकिंग म्हणजे नुसता दिलेला शब्द, प्रत्यक्षात काय झालं ते वेगळ्या रजिस्टरमध्ये असतं. प्रत्येकाने किती तास गाडी चालवली याची नोंद ड्रायव्हिंग स्कूलला फॉर्म १५ मध्ये ठेवावी लागते. काही ठिकाणी महिनाअखेरीस डायरीवरूनच तो भरतात. मग न आलेल्या दिवसाचेही तास चढतात आणि सर्टिफिकेट तयार होतं, हात मात्र तयार झालेला नसतो. आम्ही गाडीतून उतरतानाच मिनिटं लिहून सही घेतो.

त्या काकूंचे चार आठवडे गेल्या शनिवारी संपले. १६ पैकी दोन बुडाले होते, एक घरच्या लग्नात आणि एक सकाळच्या मेसेजने. फॉर्म १५ मध्ये बेरीज आली ९ तास २० मिनिटं. त्या म्हणाल्या, "ताई, चाळीस मिनिटांसाठी काय अडवताय, मला येते आता गाडी." खरंच येते त्यांना. तरी सोमवारी अकराचा स्लॉट लिहिलाय, पांढरी गाडी, धाकटे सर. सर्टिफिकेट त्यानंतर.